ठराव व मनाई यांच्या दाव्यांतील मूल्यांकन : १८७० ते १९५९

दिवाणी कोर्टात दाखल होणाऱ्या प्रत्येक फिर्यादीच्या शेवटी, मागणीच्या कलमांच्या थोडे आधी, एक लहानसे कलम असते. दाव्याची किंमत कोर्ट फीकरिता अमुक आणि कोर्टाच्या हुकमतीकरिता अमुक, एवढाच मजकूर त्यात येतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सातव्या आदेशातील पहिल्या नियमाने हा मजकूर आवश्यक ठरविला आहे. पैशाच्या दाव्यात तो लिहिण्यास कसलीही अडचण पडत नाही, कारण जितकी रक्कम मागितली तितकीच किंमत. परंतु 'हे शेत माझ्या मालकीचे आहे असे ठरवून मिळावे आणि प्रतिवादीने माझ्या वहिवाटीस हरकत करू नये अशी कायमची मनाई व्हावी' असे मागणाऱ्या वादीची स्थिती वेगळी असते. तो पैसा मागत नाही. शेत तर त्याच्या कब्जात आहेच. मग त्याच्या मागणीचे मोल किती, आणि ते ठरविणार कोण, या प्रश्नाला मुंबई इलाख्यात जवळजवळ नव्वद वर्षे एक उत्तर दिले जात होते, आणि १९५९ साली ते बदलले. या बदलाचा इतिहास केवळ वकिलांच्या उपयोगाचा नाही. जुन्या दिवाणी दप्तरांतील आकडे वाचणाऱ्या प्रत्येक अभ्यासकास तो ठाऊक असणे जरूर आहे.

१. १८७० च्या कायद्यातील तीन जागा

१८७० चा सातवा कायदा, म्हणजे कोर्ट फी कायदा, याने एकाच जमिनीविषयीच्या दाव्यांना तीन निरनिराळ्या जागी बसविले. वादीने कोणती दाद मागितली यावर त्याची जागा ठरे.

पहिली जागा दुसऱ्या परिशिष्टातील सतराव्या अनुच्छेदाची. केवळ ठराव मागितला असेल, त्याच्या जोडीला कोणतीही आनुषंगिक दाद मागितली नसेल, तर दहा रुपयांचा ठराविक स्टांप पुरे. मालमत्ता शंभर रुपयांची असो की लाखाची, स्टांप तोच.

दुसरी जागा सातव्या कलमाच्या चौथ्या परिच्छेदाची. ठराव आणि त्यातून निघणारी आनुषंगिक दाद असे दोन्ही मागितले असेल, अथवा नुसती मनाई मागितली असेल, तर वादीने आपल्या मागणीची जी किंमत फिर्यादीत लिहिली असेल तिच्यावर प्रमाणशीर फी घ्यावयाची. अशा दाव्यात वादीने आपल्या मागणीची किंमत स्वतः नमूद केलीच पाहिजे असेही कायद्याने सांगितले होते. या परिच्छेदात मोडणारे दावे असे आहेत की त्यांतील दादीला बाजारभाव नसतो. मनाईहुकूम बाजारात विकत मिळत नाही. म्हणून ज्याला तो हवा आहे त्यानेच त्याचे मोल सांगावे, असा कायदा करणाऱ्यांचा विचार दिसतो.

तिसरी जागा त्याच कलमाच्या पाचव्या परिच्छेदाची, म्हणजे ताब्याच्या दाव्यांची. येथे वस्तूच्या किमतीवर फी होती. परंतु जमिनीची किंमत म्हणजे तिचा बाजारभाव नव्हे. मुंबई इलाख्यापुरती अशी तजवीज होती की, तीस वर्षांपर्यंतच्या मुदतीच्या जमाबंदीखाली पूर्ण आकार भरणाऱ्या जमिनीची किंमत आकाराच्या पाचपट धरावी, आणि जमाबंदी कायमची अथवा अधिक मुदतीची असल्यास दहापट धरावी. घर असेल तर मात्र खरोखरीची किंमत धरावी लागे.

आनुषंगिक दाद म्हणजे काय, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. त्यांचा इत्यर्थ असा सांगता येतो : जी दाद ठरावाच्या आधारानेच मिळू शकते, त्या ठरावावाचून जी उभी राहू शकत नाही, आणि जी मिळाल्याने वादीला ठरावाहून काही अधिक हाती लागते, ती आनुषंगिक दाद होय. मालकीचा ठराव मागून त्याच मालकीच्या बळावर प्रतिवादीला मनाई मागितली, की दावा पहिल्या जागेतून उठून दुसऱ्या जागेत येतो.

२. दुसरा आकडा : हुकमतीची किंमत

कोर्ट फीचा आकडा सरकारी तिजोरीसाठी असतो. हुकमतीचा आकडा कोणते कोर्ट दावा ऐकणार हे ठरवितो. मुंबई दिवाणी न्यायालये अधिनियम, म्हणजे १८६९ चा चौदावा कायदा, याने दुय्यम न्यायाधीशांचे दोन वर्ग केले. दुसऱ्या वर्गाच्या न्यायाधीशास पाच हजार रुपयांपर्यंतचे दावे ऐकण्याचा अधिकार होता, पहिल्या वर्गाच्या न्यायाधीशास रकमेची मर्यादा नव्हती. पहिल्या वर्गाच्या न्यायाधीशाने निवाडा केलेला दावा पाच हजारांच्या वरचा असेल तर अपील सरळ उच्च न्यायालयात जाई, एरवी जिल्हा न्यायालयात जाई. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे दावा सक्षम अशा सर्वांत खालच्या कोर्टातच लावला पाहिजे. तेव्हा हा दुसरा आकडा गावापासून कोर्टापर्यंतचे अंतर, वकिलाचा दर्जा आणि अपिलाची जागा अशा तिन्ही गोष्टी ठरवीत असे.

या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध १८८७ च्या दावे मूल्यांकन कायद्याच्या आठव्या कलमाने जोडला. ज्या दाव्यांत प्रमाणशीर फी द्यावी लागते, त्यांत फीकरिता ठरणारी किंमत आणि हुकमतीची किंमत एकच असावी, असा तो नियम आहे. मात्र सातव्या कलमाचा पाचवा परिच्छेद, म्हणजे जमीन व घरे यांच्या ताब्याचे दावे, यांना आणि आणखी काही प्रकारांना त्यातून वगळले. याचे कारण उघड आहे. आकाराच्या पाचपट ही किंमत कृत्रिम. तिच्यावरून कोर्ट ठरविले असते तर मोठमोठ्या मिळकतींचे तंटे सर्वांत खालच्या कोर्टात गेले असते. म्हणून ताब्याच्या दाव्यात हुकमतीसाठी खरा बाजारभाव पाहावयाचा. उलट चौथ्या परिच्छेदातील दाव्यांना असा अपवाद नाही. तेथे वादीने सांगितलेली किंमतच दोन्ही कामांना चाले. आणि दहा रुपयांच्या ठराविक स्टांपाच्या दाव्यात फी प्रमाणशीर नसल्यामुळे आठवे कलम लागूच होत नसे. तेथे हुकमतीसाठी वादविषयाची खरी किंमत पाहणे भाग पडे.

३. एका शेताचे उदाहरण

या तीन जागांचा परिणाम प्रत्यक्षात काय होई, हे एका कल्पित पण त्या काळास धरून असलेल्या उदाहरणाने पाहता येईल. १९१० चे साल धरावे. आठ एकरांचे विहीरबागायत शेत आहे, त्याचा आकार चोवीस रुपये आणि बाजारभाव सहा हजार रुपये. वाटणीत ते वादीला मिळाले. त्याच्या चुलतभावाने ते आपलेच म्हणून तिऱ्हाइताला खरेदी दिले, आणि तो खरेदीदार आता नांगर घेऊन बांधावर येऊ लागला आहे. खरेदीखतावर वादीची सही नाही. सबब ते रद्द करून मागण्याचे त्याला कारण नाही. आपली मालकी ठरवून मागितली की पुरे.

पहिला मार्ग असा की वादीने नुसता ठराव मागावा. स्टांप दहा रुपये. पण हुकमतीची किंमत सहा हजार, म्हणून दावा पहिल्या वर्गाच्या कोर्टात. यात आणखी एक धोका आहे. १८७७ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या बेचाळिसाव्या कलमाचा शेवट असा होता की, ठरावापलीकडची दाद मागणे शक्य असून ती मागितली नसेल तर ठराव देऊ नये. १९६३ च्या नव्या कायद्यात हीच अट चौतिसाव्या कलमात आली. प्रतिवादी प्रत्यक्ष हरकत करीत असता मनाई मागितली नाही, तर हाच मुद्दा पुढे करून तो दावा काढून टाकण्याची मागणी करू शकतो. म्हणजे दहा रुपयांच्या स्टांपावर थांबणे दिसते तितके निर्धास्त नाही.

दुसरा मार्ग ठराव आणि मनाई असे दोन्ही मागण्याचा. वादीने आपल्या मागणीची किंमत एकशेतीस रुपये लिहिली असे समजू. मूळच्या श्रेणीप्रमाणे शंभर रुपयांवर साडेसात रुपये फी पडे आणि पुढे हजारापर्यंत दर दहा रुपयांस बारा आणे. तेव्हा एकशेतीस रुपयांवर नऊ रुपये बारा आणे झाले. आठव्या कलमाप्रमाणे हुकमतीची किंमतही एकशेतीस. म्हणून दावा दुसऱ्या वर्गाच्या कोर्टात आणि अपील जिल्हा न्यायालयात.

तिसरा मार्ग वादीवर परिस्थितीने येतो. खरेदीदाराने शेत बळकावले असेल तर मनाई निरुपयोगी. ताबाच मागितला पाहिजे. आता आकाराच्या पाचपट म्हणजे एकशेवीस रुपये, आणि त्यावर फी नऊ रुपये. परंतु हुकमतीसाठी बाजारभाव सहा हजार. दावा पहिल्या वर्गाच्या कोर्टात आणि अपील सरळ मुंबईस उच्च न्यायालयात.

हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत : दहा रुपये, नऊ रुपये बारा आणे, नऊ रुपये. ज्या दादीने वादीला सर्वांत अधिक मिळते तिची फी सर्वांत कमी, आणि ज्या दादीने सर्वांत कमी मिळते तिची फी सर्वांत अधिक. परंतु हे अंतर एका रुपयाचे आहे. खरे अंतर कोर्टाचे आहे. एकच शेत, एकच तंटा. पण फिर्यादीच्या शेवटी मनाईचे एक वाक्य जोडले तर तो दुसऱ्या वर्गाच्या कोर्टात जातो, ते वगळले तर पहिल्या वर्गाच्या. शेतीच्या मुलखात फी वाचविण्यासाठी मनाई मागितली जाई हा समज म्हणूनच पूर्ण खरा नाही. शेताच्या बाबतीत मूल्यांकनाचा कल फीकडे नसून कोर्टाकडे होता.

४. घराच्या बाबतीत निराळा हिशेब

त्याच तंट्यात शेताच्या जागी सहा हजारांचे घर घातले की सारे चित्र पालटते. घराला आकार नाही. ताब्याच्या दाव्यात खरी किंमत धरावी लागे. हजारावर पंचाहत्तर रुपये, पुढे पाच हजारांपर्यंत दर शेकड्यास पाच रुपये, म्हणजे पाच हजारांवर दोनशे पंचाहत्तर. त्यापुढे दहा हजारांपर्यंत दर अडीचशेस दहा रुपये. सहा हजारांच्या घराची फी तीनशे पंधरा रुपये होते. आणि तेच घर वादीच्या कब्जात असून त्याने ठराव व मनाई मागितली, तर नऊ रुपये बारा आण्यांत काम भागते.

येथे मात्र मोह खरा होता. घराबाहेर पडलेला मनुष्यसुद्धा आपण कब्जातच आहोत असे लिहून मनाई मागू लागे. हा प्रकार कसा ओळखावा, याची एक साधी खूण आहे. दावा दाखल होताच तात्पुरत्या मनाईचा अर्ज येतो, आणि त्यावर कब्जा कोणाचा याचा प्राथमिक विचार करावा लागतो. तेथे वादीचा कब्जा दिसला नाही आणि त्यानंतर फिर्याद दुरुस्त करून ताब्याची मागणी घातली गेली, तर पहिले मूल्यांकन कशासाठी केले होते हे दप्तरावरूनच कळते. अशी दुरुस्ती झाली की दावा पाचव्या परिच्छेदात जातो, फीचा फरक भरावा लागतो, आणि हुकमतीची मर्यादा ओलांडली गेली तर फिर्याद योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत मिळते. पाच हजारांच्या वरच्या घराबाबत असा वादी पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, आणि मधला काळ वाया जातो.

५. चुका आणि त्यांवरील निर्णय

वादीला स्वतः मोल ठरविण्याची मुभा दिली की तीन प्रकारच्या चुका संभवतात, आणि तिन्हींवर सर्वोच्च न्यायालयाने आपल्या पहिल्या दहा-बारा वर्षांतच निर्णय दिले.

पहिली चूक एकाच फिर्यादीत दोन आकडे लिहिण्याची. हुकमतीसाठी मोठी किंमत लिहून वरचे कोर्ट मिळवावयाचे, आणि फीसाठी लहान किंमत लिहावयाची. यातील कोणता आकडा प्रधान, हा प्रश्न सतप्पा चेट्टियार विरुद्ध रामनाथन चेट्टियार या दाव्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तो दावा वाटणीचा होता, पण परिच्छेद हाच, चौथा. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी दिलेल्या निर्णयाचा आशय असा की, अशा दाव्यात कोर्ट फीसाठी किती किंमत धरावी हे वादीच्या मर्जीवर सोपविले आहे; ती किंमत एकदा ठरली की हुकमतीची किंमत तिच्यामागून येते. क्रम हाच आहे, उलटा नाही. हुकमतीसाठी लिहिलेल्या आकड्यावरून फी वसूल करता येत नाही. फिर्याद लिहिताना आधी दादीची किंमत ठरवावी आणि मग तोच आकडा हुकमतीच्या जागी घालावा, ही रीत या निर्णयातून पक्की झाली.

दुसरी चूक दावा चुकीच्या जागेत बसविण्याची. म्हणजे आनुषंगिक दाद असताना ती नाही असे धरून दहा रुपयांचा स्टांप लावण्याची. १८७० च्या कायद्याचे बारावे कलम म्हणते की मूल्यांकनाबाबत कोर्टाचा निर्णय पक्षकारांपुरता अंतिम होय. त्यामुळे पहिल्या कोर्टाने चूक केली तरी वर काही करता येत नाही, असा युक्तिवाद होत असे. नेमीचंद विरुद्ध एडवर्ड मिल्स या १९५२ च्या निर्णयाने त्यातील भेद स्पष्ट केला. किंमत किती हा प्रश्न अंतिम होऊ शकतो. पण दावा कायद्याच्या कोणत्या वर्गात मोडतो हा प्रश्न निराळा असून त्याला ती अंतिमता लागू नाही. वर्ग ठरविताना फिर्यादीतील शब्दांच्या मांडणीकडे न पाहता तिचे सार पाहावयाचे, हा नियम पुढेही कायम राहिला. नुसत्या ठरावाच्या रूपात लिहिलेल्या मागणीत खरोखर दस्तऐवज रद्द करून घेण्याचा अथवा ताबा मिळविण्याचा हेतू असेल, तर तिला तसेच धरले जाते. २०१० साली सुहृदसिंग विरुद्ध रणधीरसिंग या निर्णयात हाच भेद खरेदीखतांच्या बाबतीत मांडला गेला : दस्तऐवज ज्याने स्वतः लिहून दिला त्याने तो रद्द करून मागितला पाहिजे, ज्याची त्यावर सही नाही त्याला तो आपल्यावर बंधनकारक नाही असा ठराव पुरतो, आणि त्याची फी तो कब्जात आहे की नाही यावर अवलंबून राहते. वर घेतलेल्या उदाहरणातील वादीचा मार्ग यावरून बरोबर ठरतो.

तिसरी चूक कमी किंमत लावण्याची, आणि तिच्यावरून नंतर निवाडाच उलथून टाकण्याच्या प्रयत्नाची. किरणसिंग विरुद्ध चमन पासवान हा दावा मोंघीर येथील होता. वादींनी जमिनीचा ताबा मागून दाव्याची किंमत दोन हजार नऊशे पन्नास रुपये लावली. तेथे आणि जिल्हा न्यायालयातील अपिलात ते हरले. पाटणा उच्च न्यायालयात स्टांप तपासणाऱ्याने हरकत घेतली, आणि खरी किंमत नऊ हजार नऊशे ऐंशी ठरली. फीचा फरक भरून वादींनीच मग असे म्हटले की, एवढ्या किमतीच्या दाव्यात पहिले अपील उच्च न्यायालयातच यावयास हवे होते. सबब जिल्हा न्यायालयाचा निवाडा रद्दबातल आहे. १९५४ साली न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी तो युक्तिवाद नाकारला. १८८७ च्या कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे चुकीच्या मूल्यांकनाची हरकत सुरुवातीस घेतली पाहिजे, आणि त्या चुकीमुळे निकालाच्या गुणदोषांवर विपरीत परिणाम झाला असे दिसले पाहिजे. केवळ कोर्ट बदलले एवढ्याने नुकसान होत नाही. स्वतः लावलेल्या किमतीचा लाभ घेऊन, हरल्यावर तिच्याच विरुद्ध बोलण्यास कायद्याने वाव ठेवलेला नाही.

प्रतिवादीच्या बाजूचीही एक सवय होती. मूल्यांकनावर हरकत घ्यावयाची, तिच्यावर पुनर्विलोकन अर्ज करावयाचा, आणि मूळ दावा लांबवावयाचा. १९६१ च्या रत्नवर्मराजा विरुद्ध विमला या निर्णयात न्यायमूर्ती शहा यांनी सांगितले की, कोर्ट फी कायदा राज्याच्या महसुलासाठी आहे, प्रतिपक्षाच्या हाती दावा अडविण्याचे शस्त्र देण्यासाठी नाही. हुकमतीचा प्रश्न गुंतला नसेल, तर स्टांप पुरेसा आहे की नाही ही बाब वादी आणि राज्य यांच्यातील होय.

६. वादीच्या मुभेला आवर

वादीने लिहिलेली किंमत मनमानी असेल तर काय करावयाचे, याचे उत्तर मूळ कायद्यात अपुरे होते. कमी किंमत लावली असल्यास कोर्टाने ती सुधारण्यास सांगावे आणि न सुधारल्यास फिर्याद नामंजूर करावी, असे संहितेचा सातवा आदेश सांगतो. परंतु मनाईची 'योग्य' किंमत कोणती, हे मोजण्याचे मापच नसेल तर कमी कशाला म्हणावे, हा प्रश्न शिल्लक राहतो. मोजमापाचे काही निश्चित साधन उपलब्ध असता वादीला वाटेल ती किंमत लिहिता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली कमर्शियल एव्हिएशन विरुद्ध विमला पन्नालाल या निर्णयात म्हटले. पण ते पुष्कळ पुढचे झाले.

प्रांतांनी आपापले उपाय त्याआधीच शोधले होते. मद्रासने १९२२ साली चौथ्या परिच्छेदाला परंतुक जोडले : दाद स्थावराविषयी असेल तर ठराव व आनुषंगिक दाद यांच्या दाव्याची किंमत, पाचव्या परिच्छेदाप्रमाणे येणाऱ्या किमतीच्या निम्म्याहून कमी लिहिता येणार नाही. बंगालने १९३५ साली निराळी वाट धरली. कोर्टालाच चौकशी करून मूल्यांकन सुधारण्याचा अधिकार दिला. एका प्रांताने खालची मर्यादा आखली, दुसऱ्याने तपासनीस नेमला. वादीची मुभा मात्र दोघांनीही तत्त्वतः राखली.

मुंबईने १९५९ साली ती जवळजवळ काढूनच घेतली. मुंबई कोर्ट फी अधिनियम, १९५९ चा छत्तिसावा, हा त्या वर्षी १ ऑगस्टला अंमलात आला. त्या वेळचे द्विभाषिक राज्य विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह एक झालेले होते, आणि निरनिराळ्या प्रदेशांतील कायदे एकत्र करणे हा त्या अधिनियमाचा हेतू होता. महाराष्ट्रात तोच आता महाराष्ट्र कोर्ट फी अधिनियम या नावाने चालतो. त्याच्या सहाव्या कलमाच्या चौथ्या परिच्छेदातील 'ड' खंडाने मालकी व तत्सम हक्कांच्या ठरावासाठी असे माप दिले : त्याच मालमत्तेच्या मालकीवरून ताबा मागितला असता जी फी पडली असती, तिचा चौथा हिस्सा केवळ ठरावासाठी, ताब्याखेरीज अन्य आनुषंगिक दाद जोडली तर निम्मी, ताबाही मागितला तर पूर्ण. जेथे वादविषयाची पैशात किंमतच करता येत नाही, तेवढ्याच दाव्यांसाठी शेवटी ठराविक किमतीचा एक उर्वरित खंड ठेवला.

या नियमात एक बारकावा आहे, आणि तो न कळल्याने हिशेब वारंवार चुकतो. हिस्सा फीचा घ्यावयाचा आहे, किमतीचा नव्हे. सहा हजारांचेच घर पुन्हा घेऊ, आणि केवळ रीत दाखविण्यासाठी जुनीच श्रेणी वापरू. पूर्ण फी तीनशे पंधरा. तिचा चौथा हिस्सा अठ्ठ्याहत्तर रुपये पंचाहत्तर पैसे आणि निम्मी एकशे सत्तावन्न रुपये पन्नास पैसे. कोणी किमतीचा चौथा हिस्सा, म्हणजे पंधराशे, काढून त्यावर फी पाहिली तर ती शंभर रुपये येते. निम्म्या किमतीवर, म्हणजे तीन हजारांवर, एकशे पंचाहत्तर. किंमत वाढते तसा फीचा दर उतरतो, म्हणून किमतीचे तुकडे करणाऱ्या वादीला अधिक फी भरावी लागते. शिवाय अपूर्णांक फीला लागतो, मालमत्तेच्या किमतीला नाही. म्हणून दाव्याची किंमत चौथ्या हिश्श्याइतकीच आहे असे लिहिणेही बरोबर नाही.

१८७० च्या व्यवस्थेतील उलटा क्रम या मापाने सरळ झाला. अधिक दाद, अधिक फी. परंतु एक जुनी वाट नव्या रूपात उरली. ठरावाची फी चुकविण्यासाठी मालकीचा उल्लेख गाळून केवळ कब्जाच्या जोरावर मनाई मागावयाची आणि दावा उर्वरित खंडात बसवावयाचा, असे प्रयत्न होत राहिले. यातील जोखीम २००८ च्या अनाथुला सुधाकर विरुद्ध बुची रेड्डी या निर्णयावरून दिसते : मालकीवर खरोखर सावट असेल तर नुसती मनाई पुरत नाही, ठराव मागावा लागतो. तेव्हा फी वाचविणारी फिर्याद निकालाच्या वेळी अपुरी ठरू शकते.

७. दप्तरांतील आकड्यांचा अर्थ

या इतिहासाचा दप्तरांच्या अभ्यासाशी निकटचा संबंध आहे. दाव्यांच्या नोंदवह्यांतील किंमत हा जमिनीच्या भावाचा पुरावा म्हणून वापरण्याचा मोह होतो. परंतु वरील उदाहरणातील सहा हजारांचे शेत १९१० च्या नोंदवहीत एकशेतीस रुपयांचे म्हणून येऊ शकते, आणि तेच शेत ताब्याच्या दाव्यात सहा हजारांचे म्हणून येते. हा फरक मंदीतेजीचा नाही, दादीचा आहे. लहान किमतीच्या दाव्यांची संख्या वाढली, एवढ्यावरून गरीब कुळे कोर्टाकडे अधिक वळली असे अनुमान काढणेही धोक्याचे. त्या लहान आकड्यांमागे मोठे वाडे असू शकतात.

म्हणून असा आकडा उचलण्यापूर्वी फिर्यादीतील तीन गोष्टी वाचल्या पाहिजेत : मागणीचे कलम, कब्जा कोणाचा याविषयीचे वादीचे कथन, आणि दावा १ ऑगस्ट १९५९ च्या आधीचा की नंतरचा. आधीचा असून ठराव व मनाई मागितली असेल, तर किमतीचा आकडा वादीची इच्छा सांगतो, मालमत्तेचे मोल नव्हे. ताबा मागितला असेल, तर हुकमतीचा आकडा बाजारभावाच्या जवळचा असतो आणि फीचा आकडा केवळ आकाराची पट. नुसता ठराव असेल, तर स्टांप काहीच सांगत नाही. कोणत्या वर्गाच्या कोर्टात दावा लागला, यावरूनच मिळकतीच्या किमतीचा अंदाज करावा लागतो.